मातामृत्यूचे गुणोत्तर की दर? आकडा वापरण्याआधी या चुका टाळा

2016-18 या काळासाठी नमुना नोंदणी पद्धतीने, म्हणजे एसआरएसने, भारतासाठी दोन आकडे दिले होते: 113 आणि 7.3. दोन्ही त्याच मातामृत्यूंवरून काढलेले, दोन्ही बरोबर. तरीही 113 हा आकडा बातम्यांत सर्रास ‘मातामृत्यू दर’ म्हणून छापला जातो आणि खरा दर, म्हणजे 7.3, कुणाच्या लक्षातही राहत नाही. अहवाल लिहिणारे, जिल्ह्याचे सादरीकरण करणारे, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी सगळे इथेच अडखळतात.

पहिली चूक: छेद न बघता आकडा उचलणे

अंश दोन्हीकडे एकच असतो, मातामृत्यूंची संख्या. फरक छेदात आहे. गुणोत्तरात, म्हणजे एमएमआरमध्ये, छेद असतो जिवंत जन्मांचा. दरात छेद असतो 15 ते 49 वयाच्या सगळ्या स्त्रियांचा, मग त्या गरोदर असोत वा नसोत. दोन्ही आकडे एक लाखामागे सांगतात, म्हणून गोंधळ वाढतो.

समजा, एका जिल्ह्यात 15 ते 49 वयाच्या 5 लाख स्त्रिया आहेत. वर्षभरात 30,000 जिवंत जन्म झाले आणि 18 माता दगावल्या.

गुणोत्तर = 18 ÷ 30,000 × 1,00,000 = 60
दर = 18 ÷ 5,00,000 × 1,00,000 = 3.6

काही वर्षांनी त्याच जिल्ह्यात जन्म 25,000 वर आले आणि मातामृत्यू 15 झाले. स्त्रियांची संख्या तेवढीच धरू. दर 3.6 वरून 3 वर उतरला. गुणोत्तर मात्र 60 च राहिले. म्हणजे बाळंत होणाऱ्या बाईचा धोका तसूभरही कमी झालेला नाही; फक्त बाळंतपणे कमी झाली. नुसता दर दाखवून ‘प्रसूतिसेवा सुधारली’ असे कुणी म्हटले, तर ते चूक आहे. उलट, कुटुंबनियोजनाने किती जीव वाचले हे बघायचे असेल तर गुणोत्तर जवळजवळ आंधळे असते, तिथे दरच हवा.

आकडा नक्की कोणता आहे अशी शंका आली, तर एक सोपी पडताळणी आहे. दर म्हणजे गुणोत्तर गुणिले एका स्त्रीमागे वर्षात होणारे जन्म. आपल्या जिल्ह्यात पहिल्या वर्षी दर हजार स्त्रियांमागे 60 जन्म होते, म्हणून 60 × 0.06 = 3.6. हा गुणाकार जुळला नाही, तर कुठेतरी छेद बदलला आहे. अमेरिकेच्या अधिकृत अहवालांत तर जिवंत जन्मांवर काढलेल्या आकड्यालाच ‘रेट’ म्हणतात, त्यामुळे नावावर विसंबू नका, तळटीप वाचा.

आणखी एक बारकावा. छेदात प्रसूती नव्हे, जिवंत जन्म मोजतात. जुळे झाले तर दोन. मृतजन्म झाला तर शून्य. पण मृतजन्मानंतर किंवा गर्भपातात आई गेली, तर ती अंशात येतेच.

दुसरी चूक: प्रत्येक गरोदर बाईचा मृत्यू मातामृत्यू धरणे, किंवा दिसत नाही तो सोडून देणे

व्याख्येत दोन अटी आहेत. मृत्यू गरोदरपणात किंवा गर्भधारणा संपल्यापासून 42 दिवसांत झालेला हवा, आणि त्याचे कारण गरोदरपणाशी किंवा त्याच्या उपचारांशी जोडलेले, किंवा त्यामुळे बळावलेले हवे. शेतात काम करताना पाचव्या महिन्यात सर्पदंशाने गेलेली बाई यात मोजत नाहीत. आधीपासून हृदयाची झडप खराब असलेली आणि बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी गेलेली बाई मोजतात, तो अप्रत्यक्ष मातामृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2012 च्या मार्गदर्शनानुसार या काळातली आत्महत्याही प्रत्यक्ष मातामृत्यूत धरायची असते, आणि हे आपल्याकडे फार वेळा निसटते.

मोजणी अवघड होते ती इथे. त्या हृदयरोगी बाईच्या दाखल्यावर ‘हार्ट फेल्युअर’ एवढेच लिहिले जाते. ती मेडिसिनच्या वॉर्डात दाखल असते, प्रसूती दुसऱ्याच दवाखान्यात झालेली असते, आणि मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात गरोदरपणाविषयी विचारलेला रकाना घाईत कोरा राहतो. गर्भनलिकेतील गर्भधारणा फुटली तर बाई गरोदर होती हे घरच्यांनाही ठाऊक नसते. अविवाहित मुलीच्या गर्भपाताबद्दल तर घरचे बोलतच नाहीत.

उलट्या दिशेनेही चूक होते. अमेरिकेत 2003 पासून मृत्यूच्या दाखल्यावर गरोदरपणाची चौकट आली आणि राज्ये ती हळूहळू स्वीकारत गेली. मग आकडा चढला, पण त्यातला बराच भाग चुकीच्या खुणांचा होता. टेक्सासमध्ये 2012 चे 147 मातामृत्यू नोंदले होते. कागदपत्रे एकमेकांशी जुळवून तपासल्यावर ते 56 उरले.

तिसरी चूक: दवाखान्याचा आकडा जिल्ह्याच्या नावावर टाकणे

आपल्याकडे जन्म आणि मृत्यू जिथे घडला तिथे नोंदतात, राहत्या गावी नाही. मेळघाटातली अत्यवस्थ बाई नागपूरला पाठवली आणि तिथे गेली, तर मृत्यू नागपुरात नोंदला जातो. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, म्हणजे जन्म एका जिल्ह्यात आणि आईचा पत्ता दुसऱ्यात. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या जिल्ह्याचे गुणोत्तर म्हणून फुगते आणि जिथून रुग्ण पाठवले जातात त्या जिल्ह्याचे खोटेच सुधारते. अंश आणि छेद दोन्ही राहत्या पत्त्याप्रमाणे लावल्याशिवाय जिल्ह्यांची तुलना करू नका.

चौथी चूक: छोट्या फरकाला कल समजणे

एसआरएसनुसार महाराष्ट्राचे गुणोत्तर 2017-19 मध्ये 38, 2018-20 मध्ये 33 आणि 2019-21 मध्ये पुन्हा 38 होते. ‘घटले’ आणि ‘वाढले’ अशा दोन्ही बातम्या यातून निघू शकतात. पण मातामृत्यू ही विरळ घटना आहे. एसआरएस देशभर सुमारे 80 लाख लोकांचा नमुना सतत पाहते, तरी एका राज्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मातामृत्यू येऊ शकतात. म्हणूनच तीन वर्षांची गोळाबेरीज करतात. शिवाय लागोपाठच्या दोन आकड्यांत दोन वर्षे सामाईक असतात: 33 चा 38 झाला तेव्हा 2018 वगळून 2021 आत आले, एवढाच खरा बदल. ते कोविडच्या दुसऱ्या लाटेचे वर्ष होते, हेही विसरू नये.

वरच्या जिल्ह्यातले 18 मृत्यू घेतले, तर निव्वळ योगायोगाचा विचार करता त्या 60 च्या मागे खरे गुणोत्तर साधारण 36 ते 95 यांमध्ये कुठेही असू शकते. पुढच्या वर्षी 60 चे 70 झाले म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्याला नोटीस काढणे अन्यायाचे आहे. आकड्यासोबत विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, दिली नसेल तर मागून घ्या.

जिल्हा पातळीवर गुणोत्तराचा हट्ट धरण्यापेक्षा मृत्यू एकेक करून शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. आशाताईने फक्त मातामृत्यू नव्हे, तर 15 ते 49 वयाच्या प्रत्येक स्त्रीचा मृत्यू कळवायचा, मग एएनएमने, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकेने, घरी जाऊन विचारायचे: गरोदर होती का, बाळंत होऊन किती दिवस झाले होते, पाळी चुकली होती का. तो तिसरा प्रश्न विचारला नाही, तर पहिल्या तीन महिन्यांतले मृत्यू यादीत येतच नाहीत.