कोव्हेनंट मोडलंय आणि कॅश फ्लो गुलाबी दिसतोय: गोइंग कन्सर्न तपासताना नेमकं काय करायचं

आर्टिकलशिपच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात गोइंग कन्सर्नची फाइल हातात येते आणि बहुतेक जण चेकलिस्ट भरायला बसतात. व्यवस्थापनाने एक्सेल दिलं, त्यात बाराही महिने शिल्लक अधिक दिसली, प्रतिनिधित्वपत्रावर सही झाली की काम संपलं असं वाटतं. पण ज्या कंपनीने बँकेच्या अटी मोडल्या आहेत तिथे खरं काम त्या एक्सेलपासूनच सुरू होतं. एका उदाहरणाने ते दाखवतो. कंपनी काल्पनिक आहे, पण अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची फाइल उघडली की साधारण असंच चित्र दिसतं.

31 मार्च 2025 चा ताळेबंद. वर्षाची विक्री 42 कोटी. मुदत कर्जाचा मुद्दलाचा हप्ता महिन्याला 20 लाख, म्हणजे वर्षाला 2.40 कोटी, आणि त्यावर व्याज 95 लाख. कॅश क्रेडिटची मर्यादा 6 कोटी, त्यातले 5.70 कोटी उचललेले. मंजुरीपत्रात लिहिलंय की डीएससीआर 1.25 च्या खाली जाता कामा नये आणि तो दर सहा महिन्यांनी तपासला जाईल. करोत्तर नफा, घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज मिळून 3.15 कोटी होतात, भागिले हप्ते आणि व्याजाचे 3.35 कोटी. उत्तर 0.94. अट मोडली आहे.

इथे एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. अट मोडणं आणि हप्ता थकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ते वेळेवर जात असतील तर खातं एसएमए-0 मध्येसुद्धा नसतं. तरी बहुतेक करारांत अट मोडली की सगळं कर्ज परत मागण्याचा हक्क बँकेला मिळतो. म्हणून "एकही हप्ता थकलेला नाही" हे व्यवस्थापनाचं उत्तर खरं असलं तरी प्रश्नाला ते लागू पडत नाही. प्रश्न असा आहे की बँकेने उद्या हा हक्क वापरला तर पैसे कुठून येणार, आणि बँक तो वापरणार नाही याचा पुरावा काय.

त्या पुराव्यापासून सुरुवात करा. व्यवस्थापक म्हणतात, "बँकेशी बोलणं झालंय, पत्र आलंय." ते पत्र शब्दन् शब्द वाचा. बँकेने अटीच्या भंगाची फक्त "नोंद घेतली" आहे, की सूट दिली आहे? सूट दिली असेल तर कोणत्या अटीला आणि कोणत्या तारखेच्या चाचणीपुरती? सही शाखा व्यवस्थापकाची आहे, की ज्या अधिकाऱ्याने कर्ज मंजूर केलं त्या पातळीवरची? आपल्या उदाहरणात जुलै 2025 चं पत्र आहे आणि सूट "31 मार्च 2025 च्या चाचणीपुरती" आहे. पुढची चाचणी 30 सप्टेंबरची. ऑगस्टमध्ये ऑडिट रिपोर्टवर सही होणार असेल तर ही सूट जेमतेम महिनाभर पुरते. मशिनसाठी दुसऱ्या वित्तसंस्थेचं कर्ज असेल तर तो करारही काढा, कारण एका कर्जाची अट मोडली की दुसरंही मोडलं असं मानणारं कलम त्यात पुष्कळदा असतं.

आता अंदाजपत्रक. एसए 570 (सुधारित) सांगतं की मूळ माहिती भरवशाची आहे का आणि गृहीतकांना आधार आहे का, हे दोन्ही तपासा. व्यवस्थापनाचा अंदाज असा: विक्री 54 कोटी, आणि उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस 78 वरून 55. विक्रीच्या शंभर रुपयांतून बदलता खर्च जाऊन 20 रुपये उरतात, म्हणून वाढलेल्या 12 कोटींवर 2.40 कोटी जास्त येतील. व्यवसायातून एकूण 5.55 कोटी. उधारी 8.98 कोटींवरून 8.14 कोटींवर उतरेल, म्हणजे आणखी 84 लाख सुटतील. हप्ते आणि व्याजाला 3.25 कोटी, नव्या मशिनला 60 लाख. वर्षअखेर 2.54 कोटी शिल्लक. (हिशेब सोपा राहावा म्हणून विक्री आणि उधारी दोन्ही जीएसटीसह धरल्या आहेत. प्रत्यक्षात येण्यांमध्ये जीएसटी असतो आणि नफातोट्यातल्या विक्रीत नसतो. दिवस काढताना ही गफलत फार वेळा होते.)

नवखा ऑडिटर इथे विक्रीच्या आकड्यावर तुटून पडतो. ते चूक नाही, पण आधी एक छोटा प्रयोग करा. विक्री 54 कोटीच ठेवा आणि वसुलीचे दिवस मात्र आजचे 78. मग उधारी 11.54 कोटी होते. 84 लाख सुटण्याऐवजी 2.56 कोटी अडकतात आणि वर्षाचा निकाल 2.54 कोटी अधिकवरून 86 लाख उण्यावर येतो. सीसीमध्ये मोकळे आहेत फक्त 30 लाख. म्हणजे विक्रीचं पूर्ण लक्ष्य गाठूनही 56 लाख कमी पडतात. हा अंदाज विक्रीवर उभा नाही, वसुलीवर उभा आहे. हे कळलं की तुमचा तपासाचा वेळ कुठे घालायचा ते आपोआप ठरतं.

वसुली 55 दिवसांत कशी होणार, याला "आम्ही पाठपुरावा करणार आहोत" हे उत्तर पुरत नाही. ग्राहकाच्या पर्चेस ऑर्डरमध्ये पेमेंटची मुदत किती आहे ते बघा. ती 60 दिवसांची असेल तर सरासरी 55 होणारच नाही. बिल डिस्काउंटिंग किंवा ट्रेड्सवर पैसे उचलण्याचा बेत असेल तर नोंदणी झाली आहे का, ग्राहक तिथे आहे का, आणि त्याचा खर्च अंदाजात धरलाय का ते विचारा. मग एप्रिल ते जुलैचं बँक स्टेटमेंट घ्या. उदाहरणात या चार महिन्यांची विक्री 14.6 कोटी आणि 31 जुलैची उधारी 9.45 कोटी. 122 दिवसांच्या हिशेबाने 79 दिवस निघतात. वसुली जागची हललेली नाही. उरलेल्या आठ महिन्यांत ती 55 वर येणार असेल तर कशाने, याचं उत्तर लेखी हवं.

वसुलीच्या मागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती ड्रॉइंग पॉवर. बँक 90 दिवसांच्या आतली येणी धरते आणि त्यातून साधारण 25 टक्के मार्जिन कापते. ताज्या बिलांचे 84 लाख लवकर वसूल झाले तर ड्रॉइंग पॉवर 63 लाखांनी उतरते. ती आधीच मर्यादेच्या काठावर असेल तर आलेल्या पैशातला मोठा भाग सीसी खातंच गिळून टाकतं. जुनी, 90 दिवसांवरची येणी वसूल झाली तर मात्र सगळा पैसा खरोखर मोकळा होतो. म्हणून कोणती येणी वसूल होणार हे एजिंगवरून विचारा आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट पुस्तकांशी जुळवा. 5 कोटींवरच्या मर्यादेसाठी कारो 2020 च्या कलम 3(ii)(b) खाली हे काम करावंच लागतं. तोच कागद इथे कामाला येतो.

विक्रीकडे आता या. मागच्या दोन वर्षांचं बजेट आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवा. 46 कोटींच्या जागी 41, नंतर 50 च्या जागी 42. आधार म्हणून तुम्हाला ग्राहकाचं शेड्यूल दाखवलं जाईल. शेड्यूल म्हणजे पक्की ऑर्डर नव्हे. सहसा चालू महिन्याचाच आकडा पक्का असतो, पुढचे दोन-तीन महिने अंदाजे असतात, आणि ओपन पर्चेस ऑर्डरमध्ये तर दर असतो, संख्या नसते. म्हणून चार महिन्यांचा वेग वर्षभर धरा: 43.8 कोटी. व्यवसायातून 3.51 कोटी, 78 दिवसांनी उधारीत अडकणारे 38 लाख, हप्ते-व्याज 3.25 कोटी, मशिन 60 लाख. उणे 72 लाख, म्हणजे सीसीचे 30 लाख वापरूनही 42 लाखांचा खड्डा.

व्यवस्थापन म्हणेल, मशिन पुढे ढकलू. ही योजना त्यांच्या हातातली आहे, म्हणून ती मान्य करता येते, फक्त संचालक मंडळाचा ठराव घ्या आणि आगाऊ रक्कम दिली गेलेली नाही हे बघा. मग वर्षाचा निकाल उणे 12 लाख आणि सीसीत 18 लाख उरतात. महिन्याच्या एका हप्त्याइतकेही नाहीत. त्यात हा वर्षअखेरचा आकडा आहे. महिनावार मांडलं की ऑक्टोबर तळाला जातो, कारण दिवाळीचा बोनस त्याच महिन्यात जातो. पुरवठादारांना थांबवून तो खड्डा भरायचा म्हटलं तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. त्यांना थकवलं तर व्याज लागतं आणि वर्षअखेर थकीत राहिलेल्या रकमेची आयकरातली वजावटही पुढे जाते.

प्रवर्तक एक कोटी आणणार असं पत्र असेल तर पैसे कुठून ते विचारा. सिन्नरची किंवा सातपूरची जागा विकून, असं उत्तर असेल तर उतारा किंवा लीजचा करार मागा. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी लागते. शिवाय त्यावर बँकेचा बोजा असेल तर विक्रीचे पैसे आधी बँकेकडे जातात. डिसेंबरपर्यंत पैसे येतील हे गृहीतक अशा कागदांसमोर टिकत नाही.

शेवटची तपासणी बरेच जण विसरतात: आपल्याच आकड्यांवर पुढचं कोव्हेनंट काढून बघणं. 3.51 भागिले 3.25 म्हणजे 1.08. मार्च 2026 लाही अट मोडणार, आणि सप्टेंबरची चाचणी त्याच्या आधी आहे. भारतीय मानकाप्रमाणे मूल्यांकनाचा कालावधी ताळेबंदाच्या तारखेपासून किमान बारा महिने, म्हणजे मार्च 2026 पर्यंत. ऑगस्टमध्ये सही करताना पुढे सातच महिने उरतात. म्हणून त्यानंतरचं काय माहीत आहे हेही विचारा, विशेषतः सीसीचं नूतनीकरण केव्हा आहे ते.

या फाइलचा निष्कर्ष असा: कंपनी चालू आहे, हप्ते जात आहेत, गोइंग कन्सर्नचा आधार योग्य आहे. पण बँकेने पुढची सूट दिली नाही तर कंपनीकडे दुसरा मार्ग नाही, म्हणून महत्त्वाची अनिश्चितता आहे. ती टिपणीत स्पष्ट यायला हवी. "बँकेचं सहकार्य आहे व व्यवस्थापनाला विश्वास आहे" एवढी टीप अपुरी. कोणती अट मोडली, सूट कुठवर, योजना काय, आणि यामुळे कंपनी चालू राहण्याबद्दल लक्षणीय शंका निर्माण करू शकणारी महत्त्वाची अनिश्चितता आहे, हे चारही हवं. तसं असेल तर मत न बदलता रिपोर्टमध्ये वेगळ्या शीर्षकाखाली उल्लेख करायचा. टीप अपुरी राहिली तर मत क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स.

रिपोर्ट टाइप करून झाला की कारोचं कलम 3(xix) उघडा. मुख्य रिपोर्टमध्ये अनिश्चितता लिहिलेली, आणि मागच्या वर्षीच्या फाइलमधून उचललेल्या या कलमात मात्र "कोणतीही महत्त्वाची अनिश्चितता आढळली नाही" असं वाक्य तसंच राहिलेलं, हे वारंवार घडतं. रिव्ह्यू करणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.