सायफनच्या गणितात या चुका टाळा

बांधावरून पाइप टाकून शेततळ्यातलं पाणी खाली उतरवताना आपल्या मराठवाड्यात बहुतेकांनी पाहिलंय. तेच दृश्य पेपरात आलं की मात्र हमखास गडबड होते. हे गणित घ्या: पाइपचा व्यास 50 मिमी, बाहेरचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून 3 मी. खाली. माथ्यापर्यंतचा लॉस 0.8 V²/2g, माथ्यापासून तोंडापर्यंतचा 1.2 V²/2g. माथ्यावर दाब किमान 2.5 मी. ॲब्सोल्यूट राहायला हवा. प्रवाह किती, आणि माथा पातळीच्या वर किती उंच चालेल?

पहिली चूक हेड मोजण्यात होते. माथा 2 मी. वर दाखवला की पोरं 3 मध्ये 2 मिळवतात. पाणी वर चढताना जे हेड जातं, ते उतरताना परत मिळतं. म्हणून पातळी ते तोंड एवढंच अंतर धरा. दोन्हीकडे हवेचाच दाब, टाकी मोठी म्हणून पृष्ठभागावरचा वेग शून्य. मग

```
3 = V²/2g (1 + 0.8 + 1.2)
V²/2g = 1 मी.,  V = 4.43 मी./से.
Q = 0.00196 × 4.43 = 0.0087 घनमी./से.
```

म्हणजे सेकंदाला सुमारे 8.7 लिटर.

खरे मार्क जातात ते पुढे. आता पातळी ते माथा असं समीकरण मांडायचं, पण "माथ्यावर पाणी थांबतं" असं समजून तिथला वेग शून्य धरणारे बरेच असतात. पाइप एकाच व्यासाचा आहे, तर वेगही सगळीकडे तोच. दुसरं, लॉस फक्त माथ्यापर्यंतचा घ्यायचा, पूर्ण 2 नाही. डावीकडे हवेचा दाब, 10.3 मी. ॲब्सोल्यूट.

```
10.3 = 2.5 + z + 1 + 0.8
z = 6 मी.
```

इथं डावीकडे 10.3 ऐवजी 0 ठेवून उजवीकडे 2.5 तसाच ठेवला, तर z = −4.3 येतो. माथा पाण्याखाली निघाला की ओळखा, गेज आणि ॲब्सोल्यूट एकत्र झालंय. गेजमध्येच करायचं असेल तर माथ्यावर −7.8 लिहा.

2.5 मी. ही मर्यादा का? 30 अंशाला पाण्याचा बाष्पदाब 0.43 मी.च्या आसपास, पण त्याच्या बऱ्याच आधी पाण्यात विरघळलेली हवा सुटून माथ्यावर साचते आणि धार तुटते. 10.3 हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर तो साधारण 9.65 होतो, म्हणजे माथा 5.35 मी.पर्यंतच. पेपरात आकडा दिला असेल तर तोच वापरा.

तोंड आणखी खाली नेलं की प्रवाह वाढतो, पण माथ्याची मुभा घटते. तोंड 5 मी. खाली नेलं, लॉसचे गुणांक तेच ठेवले, तर V²/2g होतो 1.67 आणि z उतरतो 4.8 वर. आधी काढलेला 6 तिथं लिहिला तर तो सायफन चालणारच नाही.