‘शक्यतो टाळावा’ खोडण्याआधीची तयारी

पासवर्ड आणि स्वतःच्या मोबाइलचा नियम नव्याने लिहायचा असेल, तर आधी जुना परिच्छेद समोर घ्या. आमच्या तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत तो असा होता: ‘पासवर्डबाबत योग्य ती दक्षता घेण्यात यावी व तो वेळोवेळी बदलण्यात यावा. वैयक्तिक उपकरणांचा वापर शक्यतो टाळावा.’ त्यातल्या ‘योग्य ती’, ‘वेळोवेळी’ आणि ‘शक्यतो’ या शब्दांभोवती लाल पेनाने गोल करा. ‘यावी’, ‘यावा’ दिसले की समासात ‘कोणी?’ असे लिहा. ‘टाळावा’ ही सूचना आहे की बंदी, हे वाचणारा आपल्या सोयीने ठरवतो.

मग एक सकाळ काउंटरमागे बसा. ही पायरी गाळू नका. आमच्याकडे रोखपाल सुटीवर गेला की दुसरा माणूस त्याच्याच आयडीवर बसायचा, कारण त्याला स्वतःचा आयडीच दिला नव्हता. अशा ठिकाणी ‘पासवर्ड देऊ नका’ एवढेच लिहून भागत नाही; बदली माणसाचा आयडी आधी तयार हवा. पिग्मी एजंट तर स्वतःच्याच मोबाइलवर वसुली नोंदवतात. ग्राहकाच्या आधारचा फोटो ते व्हॉट्सॲपवर शाखेत पाठवायचे, आणि तो त्यांच्या गॅलरीत तसाच राहायचा.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून पासवर्ड किती लांब चालतो ते विचारून ठेवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची २०२५ची मार्गदर्शिका, निव्वळ पासवर्डवर लॉगिन असेल तर, किमान १५ अक्षरे सांगते आणि कारणाशिवाय ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका म्हणते. दर महिन्याला बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. सॉफ्टवेअर दहाच अक्षरे घेत असेल, तर नियमात १५ लिहू नका.

आता लिहा. आमचा मजकूर असा झाला: ‘प्रत्येकाने स्वतःच्याच आयडीने काम करायचे. पासवर्ड किमान १५ अक्षरांचा ठेवायचा. तो कोणालाही सांगायचा नाही, व्यवस्थापकालाही नाही. दुसऱ्याला कळल्याची शंका आली तर त्याच दिवशी बदलायचा. एजंटाने स्वतःच्या मोबाइलवर संस्थेचे फक्त पिग्मी ॲप वापरायचे आणि मोबाइलला स्क्रीन लॉक लावायचा. ग्राहकाच्या कागदपत्रांचा फोटो स्वतःच्या मोबाइलने काढायला मनाई आहे. झेरॉक्स शाखेत आणायची. मोबाइल हरवल्यास ताबडतोब व्यवस्थापकाला फोन करायचा.’

सही घेण्याआधी हा मजकूर एजंटाला वाचायला द्या आणि प्रसंग घालून विचारा: ‘भाऊ, साहेबानं फोनवर पासवर्ड मागितला तं सांगाचा का?’ उत्तर ‘विचारून सांगतो’ आले, तर ते वाक्य पुन्हा लिहा. आमच्या एका एजंटाने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले: ‘फोनच गेला तं साहेबाचा नंबर कुठून काढू?’ म्हणून तो नंबर नियमात घातला आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे छापला. तो फोन आला की एजंटाचे लॉगिन बंद कोण करणार, हेही त्याच दिवशी लिहून घेतले.