एजीएममधले हिशेबाचे आणि ऑडिटरचे ठराव: या चुका टाळा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझ्या टेबलावर फायलींचा ढीग लागतो. कुणी अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, कुणी चिंचोळीचे कारखानदार. सगळ्यांचं म्हणणं एकच: "मॅडम, एजीएमचे कागद तेवढे करून द्या." हे 'तेवढे' ऐकलं की मला धास्ती वाटते, कारण वार्षिक सर्वसाधारण सभा, म्हणजे एजीएम, कागदावरच उरकायची ठरली की दोन ठराव हमखास चुकतात. एक हिशेब मंजूर करण्याचा, दुसरा ऑडिटर नेमण्याचा.

हिशेबाच्या ठरावात मजकूर क्वचितच चुकतो, चुकतात त्या तारखा. आधी संचालक मंडळाने बॅलन्स शीट मंजूर करून सही करायची, मग ऑडिटरने आपला अहवाल द्यायचा, त्यानंतर संचालकांचा अहवाल, मग नोटीस आणि शेवटी सभासदांची सभा. पहिल्या तीन गोष्टी एकाच दिवशी झाल्या तरी चालतं, पण क्रम उलटता कामा नये. माझ्याकडे येणाऱ्या फायलीत मात्र ऑडिट रिपोर्टवर ३० सप्टेंबर आणि सभाही ३० सप्टेंबरची. मग एकवीस दिवस आधी सभासदांना पाठवलं काय? ज्या अहवालावर सहीच झाली नव्हती, तो नोटिशीसोबत जाईल कसा? पूर्वी मागची तारीख टाकून असं झाकलं जायचं. आता ऑडिटरच्या सहीसोबत यूडीआयएन हा ऑनलाइन काढलेला ओळख क्रमांक येतो आणि तो कधी काढला हे लपत नाही.

मी उलटं मोजते. सभा ३० सप्टेंबरला असेल, तर नोटीस पाठवण्याचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून मध्ये पूर्ण २१ दिवस हवेत. म्हणजे ९ ते २९ सप्टेंबर हे ते दिवस, आणि ईमेल ८ तारखेला तरी गेलाच पाहिजे. पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवत असाल तर आणखी दोन दिवस, म्हणजे ६ सप्टेंबर. बरेचदा हे दिवस गणपतीतच येतात आणि निम्मं ऑफिस मंडपात असतं. म्हणून ऑडिट ऑगस्टअखेर संपवा, असं मी गुढीपाडव्यापासून सांगत असते. प्रायव्हेट कंपनीच्या नियमावलीत नोटिशीबद्दल वेगळी तरतूद असू शकते, ती आधी वाचून घ्या.

उशीर झालाच तर कमी मुदतीच्या नोटिशीला मतदानाचा हक्क असलेल्या किमान ९५ टक्के सभासदांची संमती लागते. घरच्या कंपनीत सात सभासद असतील तर सातांचे ९५ टक्के होतात ६.६५, म्हणजे सातही जणांची सही. अमेरिकेतल्या भाच्याचीसुद्धा. आणि हिशेब तयारच नसतील तर खोटी सभा दाखवू नका. एजीएमची मुदत संपायच्या आत पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे, GNL-1 फॉर्मने कारणासह मुदतवाढ मागा. जास्तीत जास्त तीन महिने मिळू शकतात. पहिल्या एजीएमला मात्र ही सवलत नाही.

आता ऑडिटरचा ठराव. एका टॉवेलच्या कंपनीने २०१९ च्या एजीएममध्ये ऑडिटर नेमला. ठराव कुठून तरी जुना उचललेला होता: "पुढील वार्षिक सभेच्या समाप्तीपर्यंत." ही भाषा १९५६ च्या कायद्यातली, तेव्हा नेमणूक दर वर्षी व्हायची. २०१३ च्या कायद्यात कलम १३९ प्रमाणे ऑडिटर सहाव्या सभेच्या समाप्तीपर्यंत राहतो, आणि ज्या सभेत नेमला ती पहिली धरतात. म्हणजे २०१९ ची पहिली, २०२४ ची सहावी. गंमत अशी नाही की हे कुणाला ठाऊकच नव्हतं. नेमणूक आरओसीला कळवणारा ADT-1 भरणाऱ्याने फॉर्मवर पाच वर्षंच टाकली होती. ठराव एक सांगत होता, फॉर्म दुसरंच, आणि दोन्ही शेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत.

२०२२ मध्ये मालकांचं ऑडिटरशी फीवरून बिनसलं. त्यांनी ठराव वाचला, "मुदत तर कधीच संपलीय" म्हणाले, आणि सभेत हात वर करून दुसरा ऑडिटर नेमला. नव्या ऑडिटरने रीतीप्रमाणे जुन्याला पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: मी राजीनामा दिलेला नाही, माझी मुदत २०२४ पर्यंत आहे. तेव्हा फाईल माझ्याकडे आली. मालक म्हणाले, "ओ मॅडम, आमची कंपनी, आमचा ऑडिटर. आम्ही बदलायचा नाही का?"

बदलता येतो, पण मुदतीआधी काढायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, त्यासाठी ADT-2 हा अर्ज, आणि वर विशेष ठराव. ठरावात एक वर्ष लिहिलं म्हणून कायद्यातली पाच वर्षं कमी होत नाहीत. मी मालकांना जुन्या ऑडिटरसमोर बसवलं. थकलेली फी चुकती झाली, त्यांनी राजीनामा दिला आणि तीस दिवसांच्या आत राजीनाम्याचा ADT-3 फॉर्म भरला. मग मंडळाने तीस दिवसांत नव्या ऑडिटरची नेमणूक केली आणि तीन महिन्यांच्या आत सभासदांची सभा घेऊन ती मंजूर करून घेतली. ADT-1 नव्याने भरला. यात दिवाळी गेली, बँकेचं कॅश क्रेडिटचं नूतनीकरणही अडकलं.

इथे दुसरा खड्डा आहे आणि घाईवाले त्यात नेमके पडतात. रिकाम्या जागेवर आलेला ऑडिटर फक्त पुढच्या एजीएमच्या समाप्तीपर्यंत असतो. त्याच्या नावावर लगेच पाच वर्षं टाकायची नाहीत. या कंपनीत २०२३ च्या एजीएममध्ये त्यांना पुन्हा नेमलं आणि तिथून २०२८ पर्यंतची मुदत सुरू झाली.

माझ्याकडचा ठराव असा असतो. त्यात मी सभेचं वर्ष आकड्यात लिहितेच, नुसतं 'सहावी सभा' लिहून सोडत नाही:

"ठरविण्यात येते की, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३९ व १४२ नुसार मेसर्स ____, चार्टर्ड अकाउंटंट्स, यांची या सभेच्या समाप्तीपासून २०__ साली होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या समाप्तीपर्यंत, सलग पाच वर्षांसाठी वैधानिक लेखापरीक्षक म्हणून नेमणूक करण्यात यावी, आणि त्यांचे मानधन संचालक मंडळाने त्यांच्याशी विचारविनिमय करून ठरवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. मानधन सभेनेच ठरवायचं किंवा ते कसं ठरेल हे सभेनेच सांगायचं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. ऑडिटरची लेखी संमती आणि पात्रतेचं प्रमाणपत्र सभेच्या आधीच्या तारखेचं हवं, सभेनंतर मागून घेतलेलं नको. दर वर्षी 'अनुसमर्थन' करण्याची अट ७ मे २०१८ पासून गेली, ती ओळ नमुन्यातून काढून टाका. ADT-1 सभेपासून पंधरा दिवसांत कंपनीने भरायचा, ऑडिटर भरेल म्हणून बसू नका. हिशेब दाखल करण्याच्या AOC-4 ला सभेपासून तीस दिवस, नंतर रोज १०० रुपये जादा फी. रजिस्टर्ड ऑफिस सोलापुरात असताना मिनिट्समध्ये सभेचं ठिकाण पुण्याचं हॉटेल दिसलं की मी फाईल परत देते. शहराबाहेर सभा घ्यायची तर आधी सगळ्या सभासदांची संमती आणा.