आउटेजचा पोस्टमॉर्टेम लोकांसाठी लिहिताय? मग या चुका टाळा

एखादी सेवा बंद पडली, म्हणजे आउटेज झाला, की तो का झाला हे सांगणारा इंजिनिअरचा पोस्टमॉर्टेम अहवाल मुळात त्याच्या टीमसाठी असतो. तोच थोडा झाडूनपुसून लोकांपुढे ठेवला, की काम झालं असं नवख्यांना वाटतं. उदाहरणादाखल गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या सेवेचं 2017 चं प्रकरण घेऊ. त्यांनी स्वतःच सगळं उघड लिहिलंय, त्यामुळे शिकायला सोयीचं.

31 जानेवारीच्या रात्री मुख्य डेटाबेसची दुसरी प्रत मागे पडत होती. ती नव्याने बनवण्यासाठी एका इंजिनिअरला त्या दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायचं होतं. त्याने आज्ञा दिली, पण मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

पहिली चूक: गोष्ट ‘मानवी चूक’ इथे संपवणे. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. त्या इंजिनिअरच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजून गेले होते, तो काम थांबवणार होता, पण प्रतीचा घोळ सुटेना म्हणून बसून राहिला. दोन्ही सर्व्हरच्या नावांत जेमतेम एका आकड्याचा फरक, db1 आणि db2. अशा वेळी कोणाचाही हात चुकतो. खरा प्रश्न पुढचा आहे: डेटा उडाला, तर बॅकअपमधून परत का आणता आला नाही?

रोजचा बॅकअप `pg_dump` नावाच्या प्रोग्रॅमने व्हायचा. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि चालत होता 9.2 चा `pg_dump`. जुन्या प्रोग्रॅमला नवा डेटाबेस झेपत नाही, म्हणून तो दरवेळी चूक दाखवून बंद पडायचा. तसा इशारा देणारी ईमेल निघायची, पण तिच्यावर आवश्यक सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर ती नाकारायचा. म्हणजे बॅकअपही नाही आणि तो नाही हे सांगणारंही कोणी नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडची डिस्क स्नॅपशॉटची, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत घेण्याची, सोय डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. वाचवलं ते एका योगायोगाने. घटनेच्या सुमारे सहा तास आधी कोणीतरी चाचणीच्या कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता.

अशा अहवालांत हे साधारण असं वाचायला मिळतं: ‘आवृत्तीतील विसंगतीमुळे बॅकअप प्रक्रिया अयशस्वी झाली व सूचना प्राप्त झाल्या नाहीत.’ वाचक इथेच जांभई देतो. मी ते असं लिहीन: ‘आमचा बॅकअप बंद पडला होता. तसं सांगणारी ईमेल आमच्यापर्यंत पोचत नव्हती. ईमेल येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं आम्ही धरून चाललो.’ कर्ता ‘आम्ही’ ठेवला की नम्रता आपोआप येते. ‘दिलगीर आहोत’ चार वेळा लिहून ती येत नाही.

दुसरी चूक: नुकसान जीबीत सांगणे. लोकांना त्यांचं काय गेलं ते हवं असतं. भारतीय वेळेनुसार रात्री 10.50 ते पहाटे 5.30 या वेळात केलेलं काम गेलं: सुमारे 5,000 प्रोजेक्ट, 5,000 टिप्पण्या आणि 700 नवी खाती. लोकांचा मूळ कोड, म्हणजे गिट रिपॉझिटरी, शाबूत राहिला. हेही त्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर वाचक उगाच घाबरतो. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तशीच ठेवून वाचकाला बेरीज करायला लावू नका.

तिसरी चूक: धडा म्हणून ‘बॅकअप घ्या’ लिहिणे. घाईतल्या लेखकाची ही लाडकी पळवाट. गिटलॅबला काय बॅकअप घ्यायचे असतात हे माहीत नव्हतं? धडा इतका बारीक हवा, की वाचक आज रात्री तो करून पाहील. या प्रकरणातून मी दोनच काढीन. एक, फोनमध्ये व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ आणि त्यात ‘चॅट बॅकअप’ उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. ती तीन महिने जुनी असली तरी फोन स्वतःहून ओरडेलच असं नाही. दोन, लॅपटॉपच्या बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत काढून उघडा, आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवा. गिटलॅबलाही स्नॅपशॉटवरचा डेटा मंद डिस्कवरून परत आणायला सुमारे 18 तास लागले.

बारीकसारीक: इंजिनिअरचं नाव घालू नका, गिटलॅबने ‘टीम-मेंबर-1’ लिहून भागवलं. ‘यातून आम्ही खूप शिकलो’ हे वाक्य सरळ खोडा. आणि छापण्याआधी मसुदा त्याच इंजिनिअरला दाखवा: सोपं करताना तुम्ही मुख्य सर्व्हर आणि प्रत यांची अदलाबदल केलेली असते, आणि ती पकडणारा तोच असतो.