वायरलेस कार चार्जिंग: गाडी वाकडी लागली की करंट का वाढतो, आणि पॅड बांधताना या चुका टाळा

जमिनीवरचा पॅड चालू आहे. गाडी थोडी बाजूला सरकली. आता पॉवर कमी होईल अशी आपली अपेक्षा असते, पण मीटरवर करंट चढतो आणि काही मिनिटांत इन्व्हर्टरचा हीटसिंक हात लावू देत नाही. पॅड बांधणारे बहुतेक जण इथेच अडकतात आणि दोष हवेतल्या गॅपला देतात. खरं तर गॅप बिचारी निम्म्या वेळेला निर्दोष असते.

आधी एक गैरसमज काढू. जमिनीवरच्या पॅडमधली आणि गाडीच्या तळाची, अशा दोन कॉइलमध्ये 15 सेंमी अंतर असलं की जोड साधारण 0.2 इतकीच होते, म्हणजे k = 0.2. याचा अर्थ 80 टक्के वीज हवेत उडून गेली, असा नाही. जे चुंबकीय क्षेत्र वरच्या कॉइलपर्यंत पोचत नाही, ते प्रत्येक सायकलला खालच्या कॉइलमध्ये परत येतं. कॉइलला सिरीजमध्ये कपॅसिटर लावला की ही ये-जा त्या दोघांच्या आपसात होते, सप्लायवर तिचा भार पडत नाही. खरा तोटा होतो तो तारेच्या रेझिस्टन्समध्ये आणि फेराइटमध्ये.

करंट वाढण्याचं गणित

3.3 किलोवॅटचा पॅड घेऊ. फ्रिक्वेन्सी 85 किलोहर्ट्झ. एसएईच्या जे2954 स्टँडर्डमध्येही हीच धरली आहे. दोन्ही कॉइल 330 मायक्रोहेन्री, दोन्हींना सिरीजमध्ये 10.6 नॅनोफॅरड. इन्व्हर्टरची डीसी बस 400 व्होल्ट, गाडीची बॅटरी 360 व्होल्ट. फुल-ब्रिजमुळे 0.9 ने गुणायचं, म्हणजे खालच्या कॉइलसाठी V1 = 360 आणि वरच्या कॉइलसाठी V2 = 324 व्होल्ट. M म्हणजे दोन कॉइलमधला म्युच्युअल इंडक्टन्स, आणि ω म्हणजे 2π गुणिले फ्रिक्वेन्सी.

```
M  = k × √(L1 × L2)
I1 = V2 / (ω × M)
I2 = V1 / (ω × M)
P  = V1 × V2 / (ω × M)
```

k = 0.2 असताना M येतो 66 मायक्रोहेन्री आणि ωM सुमारे 35 ओहम. खालच्या कॉइलमध्ये 9.2 अँपिअर, वरच्या कॉइलमध्ये 10.2 अँपिअर, पॉवर 3.3 किलोवॅट. आता गाडी वाकडी लागली आणि k उतरला 0.12 वर. M भागाकारात खाली आहे, त्यामुळे खालचा करंट होतो 15.3 अँपिअर आणि पॉवर चढते साडेपाच किलोवॅटवर. कॉइलचा Q, म्हणजे रिॲक्टन्स भागिले रेझिस्टन्स, 300 धरला तर तारांमधली उष्णता 110 वॅटवरून 300 वॅटच्या पुढे जाते. याच हिशेबाने चार माणसं बसून गाडी खाली दबली आणि k वाढला, तर पॉवर कमी होते. उलटं वाटतं, पण दोन्ही बाजूंना सिरीज कपॅसिटर असलेल्या सर्किटचा स्वभावच तो.

म्हणून पहिली चूक: पॉवर बदलली की गॅप आणि गाडीची जागा न मोजता बसचं व्होल्टेज किंवा कॉइलचे टर्न बदलत बसणं. जे2954 मध्ये गाडीच्या पुढे-मागे 75 मिमी आणि डावी-उजवीकडे 100 मिमी इतकीच सूट गृहीत धरलेली आहे. तुमचा पॅड त्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर तपासा. फक्त मधोमध ठेवून घेतलेलं रीडिंग पुरत नाही.

दुसरी चूक याहून महाग पडते: पॅड पूर्ण व्होल्टेजवर चालू असताना गाडी हलवणं, किंवा गाडी नसताना चालू करणं. वर कॉइलच नसेल तर इन्व्हर्टरसमोर उरतो फक्त तारेचा रेझिस्टन्स, या पॅडमध्ये जेमतेम 0.6 ओहम. 360 व्होल्ट भागिले 0.6 करून पाहा. एवढा करंट वाहायच्या आधीच मॉस्फेट गेलेले असतात. त्यामुळे बस आधी 40 व्होल्टवर ठेवून सुरुवात करा, आणि काही मायक्रोसेकंदांत गेट बंद करणारं ओव्हरकरंट ट्रिप सॉफ्टवेअरवर न सोडता हार्डवेअरमध्ये द्या. या 40 व्होल्टचा आणखी एक फायदा आहे. वरच्या सूत्रात I1 मध्ये बसचं व्होल्टेज येतच नाही, फक्त बॅटरीचं व्होल्टेज आणि M येतात. म्हणजे 330 वॅटच्या आसपास चालवतानाच 9 अँपिअर दिसले तर गाडी बरोबर लागली, 15 दिसले तर वाकडी, आणि ट्रिप झाली तर गाडीच जागेवर नाही.

हा स्वभाव नकोच असेल तर एलसीसी सर्किट वापरतात. त्यात खालच्या कॉइलचा करंट स्थिर राहतो आणि गाडी सरकली की पॉवर शहाण्यासारखी कमी होते. बदल्यात जास्तीचे इंडक्टर आणि कपॅसिटर लावावे लागतात.

टेबलावरचं ट्यूनिंग

खालची कॉइल टेबलावर ठेवून एलसीआर मीटरने मोजली, 330 आली, त्यावरून कपॅसिटर निवडला. मग ती जमिनीवर गाडीखाली ठेवली आणि वरच्या धातूमुळे ती 310 झाली. रेझोनन्स 85 वरून जवळजवळ 88 किलोहर्ट्झवर गेला. इन्व्हर्टर मात्र अजून 85 वरच चालतोय, म्हणजे रेझोनन्सच्या खाली. त्याला आता लोड कपॅसिटिव्ह दिसतो, मॉस्फेट शून्य व्होल्टेजवर चालू होत नाहीत आणि तापतात. ओळखायची खूण सोपी आहे: कॉइल कोमट, मॉस्फेट चटका देणारे, आणि स्कोपवर करंट व्होल्टेजच्या पुढे. इन्व्हर्टर नेहमी रेझोनन्सच्या किंचित वर, करंट थोडा मागे राहील असा चालवा.

मोजताना मीटर 85 किलोहर्ट्झच्या जवळ ठेवा, 1 किलोहर्ट्झवर नाही. फेराइट, ॲल्युमिनियमची पत्रा-प्लेट आणि गाडीचा तळ सगळं जागेवर हवं, आणि समोरची कॉइल उघडी हवी. k सुद्धा याच वेळी मोजून घ्या: दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडून एकदा मोजा, मग एकीची टोकं उलटी करून पुन्हा मोजा. दोन्ही रीडिंगमधला फरक भागिले 4 म्हणजे M. आपल्या उदाहरणात 792 आणि 528 यायला हवेत.

आणि कपॅसिटर. बस 400 व्होल्टची आहे म्हणून 630 व्होल्टचा कपॅसिटर लावणारे अनेक आहेत. कॉइलचा रिॲक्टन्स 176 ओहम, त्यातून 9.2 अँपिअर गेले की कपॅसिटरवर 1,600 व्होल्ट आरएमएस येतात, पीक 2,300. गाडी वाकडी लागली तर पीक 3,800. त्यामुळे पॉलिप्रॉपिलीन फिल्म किंवा सी0जी प्रकारचे सिरॅमिक सिरीज-पॅरलल जोडून बँक करा. प्रत्येकाचं 85 किलोहर्ट्झवरचं व्होल्टेज रेटिंग डेटाशीटमधल्या ग्राफवर बघा, कारण अंगावर छापलेला आकडा डीसीचा असू शकतो आणि एवढ्या फ्रिक्वेन्सीला तो बराच खाली येतो. एक्स7आर सिरॅमिक इथे नकोच. व्होल्टेजबरोबर त्याचा कपॅसिटन्स बदलतो आणि तो तापतो.

लिट्झ वायरची टोकं

85 किलोहर्ट्झला तांब्यातला करंट मुख्यतः पृष्ठभागाच्या 0.23 मिमी आतपर्यंत वाहतो, म्हणून 0.1 मिमीच्या शेकडो इनॅमल केलेल्या तारा पिळून बनवलेली लिट्झ वायर वापरतात. घोळ होतो तो टोकाला. साध्या सोल्डरिंग आयर्नने बाहेरच्या तारा चकचकीत दिसतात, पण आतल्यांचं इनॅमल तसंच असतं आणि त्या तारा करंट घेतच नाहीत. सोल्डर होणारं इनॅमल असेल तर टोक 400 अंशांच्या आसपासच्या सोल्डर पॉटमध्ये काही सेकंद बुडवा. मग कापून आडवा छेद भिंगातून पाहा: मधोमध काळे ठिपके दिसले तर पुन्हा बुडवा.

पॅडवर पडलेला धातू

नाणं, बाटलीचं झाकण, औषधाच्या गोळ्यांची फॉइल. फॉइल सर्वांत फसवी, कारण ती वजनाला काहीच नाही आणि झटकन तापते. दिलेली पॉवर वजा मिळालेली पॉवर या हिशेबावर ती पकडायला जाऊ नका. 3.3 किलोवॅटवर मोजमापात 1 टक्का चूक म्हणजे 33 वॅट, आणि नाणं तापायला तेवढेही लागत नाहीत. त्यासाठी पॅडच्या झाकणाखाली छोट्या सेन्सिंग कॉइलची जाळी वेगळी द्यावी लागते. पॅड काँक्रीटमध्ये बसवत असाल तर खालच्या सळयांचाही विचार करा: ॲल्युमिनियमची प्लेट फेराइटच्या बाहेर सगळीकडून काही सेंटीमीटर निघाली पाहिजे, नाहीतर तापणारी वस्तू वर शोधत बसाल आणि ती जमिनीत असेल.