मांजराच्या पिल्लाची एफआयव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरू नका

मागच्या पावसाळ्यात सीताबर्डीतून मांजरीचं अडीच महिन्यांचं पोट्टं उचलून आणलं, घरात आधीच एक बोका, म्हणून डॉक्टरनं थेंबभर रक्त घेऊन कार्डवर टाकलं आणि दहा मिनिटांत एफआयव्हीची, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या व्हायरसची रेघ उमटली. माझी आई म्हणाली, परत सोडून ये बाप्पा. पण ही टेस्ट व्हायरस नाही, अँटीबॉडी दाखवते, आणि त्या पिल्लाला त्याच्या आईच्या दुधातूनही येतात. म्हणून सहा महिन्यांचं झाल्यावर परत टेस्ट केली, तर निगेटिव्ह!

त्याच कार्डवरची ल्युकेमियाची, म्हणजे मांजरांच्या दुसऱ्या एका व्हायरसची रेघ मात्र वेगळी, ती खुद्द व्हायरसचं प्रोटीन पकडते, तिथे आईचा संबंध नाही. पण लागण ताजी असेल तर ती रेघ उमटतच नाही, म्हणून निगेटिव्ह आलं तरी महिनाभर वेगळी खोली, वेगळी वाटी, वेगळा लिटर ट्रे, मग परत टेस्ट. हा ल्युकेमियाचा व्हायरस लाळेतून पसरतो, एकमेकांना चाटणं, एकाच वाटीत खाणं एवढं पुरतं. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून, म्हणजे गच्चीवर भांडणाऱ्या बोक्यांचा आजार.

खरंच एफआयव्ही निघाला तर नसबंदी करा, बाहेर सोडू नका, कच्चं मटण बंद, आणि हिरड्या लाल दिसल्या किंवा वजन उतरलं की लगेच दाखवा, अशी मांजरं वर्षानुवर्षं मजेत जगतात. ल्युकेमियावालं मात्र निगेटिव्ह मांजरांपासून वेगळंच ठेवा. माणसाला दोन्ही लागत नाहीत, हे शेजारच्या काकूंनाही सांगा.